‘सॅप आवश्यक’ असं लिहिलेल्या जागेसाठी टॅलीवर काम केलेल्यानं कव्हर लेटर कसं लिहावं

सर, मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कंपनीत पाच वर्षं पर्चेस आणि स्टोअर्स बघते, सगळं टॅलीवर. महिन्याला साधारण 120 पीओ आणि 14 जॉबवर्क पार्ट्या. सावलीकडच्या एका मोठ्या प्लँटमध्ये बायरची जागा निघाली आहे. काम माझ्यासारखंच आहे, पण ‘सॅप एमएमचा अनुभव आवश्यक’ असं लिहिलंय. मी सॅप कधी वापरलेलं नाही. कव्हर लेटरमध्ये त्याबद्दल लिहावं की गप्प राहून रेझ्युमे पाठवावा? लिहायचं तर कसं? क्लास लावून सर्टिफिकेट जोडावं का? जाहिरात, रेझ्युमे आणि पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे.

लिहा. गप्प राहून पाठवलेल्या रेझ्युमेचं काय होतं, ते मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहिलं आहे. बडोद्याच्या आसपासच्या प्लँटांत मटेरियल्स विभागात माझी चोवीस वर्षं गेली आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं बायर निवडायचं काम माझ्याकडे होतं. एचआरकडून रेझ्युमेंचा गठ्ठा येतो तेव्हा सोबत एक तक्ता असतो. जाहिरातीतल्या अटी एका बाजूला, उमेदवार दुसऱ्या बाजूला आणि मध्ये खुणा. तुमच्या नावापुढे सॅपचा चौकोन रिकामा असेल आणि पत्रात त्याबद्दल एक अक्षरही नसेल, तर वाचणारा म्हणतो की हिनं जाहिरात नीट वाचली नाही, किंवा वाचूनही विषय टाळला. पर्चेसच्या माणसाबद्दल यातलं कुठलंही मत झालं तरी नुकसानच, कारण समोरच्याच्या कागदातली अट वाचून तिला थेट उत्तर देणं हेच आपलं रोजचं काम आहे.

मात्र पत्राला हात घालण्याआधी जाहिरात पुन्हा एकदा वाचा आणि एकच गोष्ट तपासा. सॅप हेच तिथलं काम आहे, की सॅपमध्ये काम होतं एवढंच? ‘सॅप एमएम कन्सल्टंट’, ‘की युजर’, ‘रोलआउट’, ‘कॉन्फिगरेशन’ असे शब्द असते तर मी तुम्हाला अर्जच करू नका म्हटलं असतं. तिथे सॅप येणं म्हणजेच नोकरी, आणि जवळचा अनुभव कितीही दाखवला तरी तो अपुराच पडतो. तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत मात्र कास्टिंग आणि मशीन्ड पार्टची खरेदी, नवे व्हेंडर उभे करणं, जॉबवर्कचा पाठपुरावा आणि अकाउंट्सबरोबर बिलांची जुळणी अशी कामं आहेत, आणि सॅपची अट शेवटून दुसऱ्या ओळीत येते. म्हणजे काम खरेदीचं आहे, सॅप ही त्यांची वही आहे. अशा जागेसाठी ‘आवश्यक’ या शब्दामागे पर्चेस हेडची एक साधी भीती असते. नवा माणूस आला आणि तीन महिने प्रत्येक एंट्रीला शेजारच्याला विचारत बसला, तर दोघांचं काम अडेल. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं आहे ते या भीतीला.

तुमच्या मसुद्यातलं वाक्य असं आहे: ‘मला सॅपचा प्रत्यक्ष अनुभव नसला तरी मी नवीन गोष्टी लवकर शिकते आणि संधी मिळाल्यास सॅप आत्मसात करीन.’ हे वाक्य खोटं नाही, पण त्यात वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. लवकर शिकते हे प्रत्येक जण लिहितो आणि ते पडताळता येत नाही. शिवाय हे वाक्य पत्राच्या अगदी शेवटी आलं आहे, सहीच्या वर, म्हणजे पत्र मिटताना वाचणाऱ्याच्या डोक्यात तुमची उणीवच राहते. त्याची भीती जावी असं काही हवं असेल तर ते तुमच्या कामातूनच काढावं लागेल, आणि ते रेझ्युमेवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

इथेच खरी अडचण आहे, आणि ती पत्रात नसून रेझ्युमेत आहे. तुमच्या सध्याच्या नोकरीखाली पहिली ओळ आहे, ‘टॅलीमध्ये पर्चेस आणि स्टोअर्सचं सर्व काम.’ त्याखाली पीओ बनवणं, व्हेंडर फॉलोअप, स्टॉक ठेवणं. पत्रात मी कितीही चांगलं वाक्य घालून दिलं तरी ते या ओळींकडे बोट दाखवणार, आणि या ओळी काहीच सांगत नाहीत. पत्र वाचून पर्चेस हेड रेझ्युमे उलटतो, पत्रात म्हटलेलं तिथे सापडलं नाही की त्याचा पत्रावरचाही विश्वास जातो. एकदा माझ्याकडे एका मुलाचं फार नीटनेटकं पत्र आलं होतं. इम्पोर्टची कागदपत्रं आपण एकट्यानं हाताळली असं त्यात होतं आणि रेझ्युमेत इम्पोर्ट हा शब्दच नव्हता. तो खरं बोलत असेलही, पण आम्ही त्याला बोलावलं नाही. कारण पत्र एका अर्जासाठी कुणालाही लिहिता येतं, रेझ्युमे ही त्या माणसाची कायमची नोंद आहे असं आम्ही धरत होतो.

म्हणून आधी रेझ्युमे दुरुस्त करू. त्यासाठी तुम्ही टॅलीत नेमकं काय करता ते सॅपच्या शेजारी ठेवून बघावं लागेल.

तुमच्याकडे इंडेंट येतो, तुम्ही दर घेता, टॅलीत पर्चेस ऑर्डरचं व्हाउचर करता. माल आला की त्या ऑर्डरचा नंबर निवडून रिसीट नोट करता आणि तिला ट्रॅकिंग नंबर पडतो. बिल आलं की त्याच ट्रॅकिंग नंबरवर पर्चेस व्हाउचर होतं. माल नापास झाला तर रिजेक्शन आउट. सॅपमध्ये हीच साखळी `ME21N` वर पीओ, `MIGO` वर आवक आणि `MIRO` वर बिलाची पडताळणी अशी चालते. पडदा वेगळा आहे, पण ऑर्डर, आवक आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळवायचे हे काम तेच आहे. पर्चेस हेडला तुमच्याकडून हवं आहे ते हेच, आणि तुमच्या ‘सर्व काम’ या शब्दांत ते पुरतं झाकलं गेलं आहे.

आता त्यातल्या त्यात सगळ्यात वजनदार गोष्ट. टॅलीत ‘परचेस बिल्स पेंडिंग’ नावाचा रिपोर्ट आहे. माल आला पण बिल आलं नाही, आणि बिल आलं पण माल आला नाही, अशा दोन्ही नोंदी त्यात दिसतात. तुम्ही रेझ्युमेसोबतच्या मेलमध्ये सहज लिहून गेलात की महिनाअखेरीला अकाउंट्सची मंडळी तुमच्याकडे यादी घेऊन येतात आणि तुम्ही ती दोन दिवसांत मोकळी करून देता. ही यादी म्हणजेच हा रिपोर्ट. सॅप असलेल्या प्रत्येक प्लँटमध्ये याचंच भावंड असतं, जीआर-आयआर खातं. आवक नोंदली की त्या खात्यात एक रक्कम बसते, बिल नोंदलं की ती उठते, आणि जी उठत नाही ती पर्चेस आणि अकाउंट्स या दोघांच्या डोक्याला ताप होऊन बसते. वर्षअखेरीला ऑडिटर याच खात्यावर बोट ठेवतो. जी बायर टॅलीत ही जुळणी दरमहा स्वतः करते तिला सॅपमधलं ते खातं काय आहे हे कुणी समजावून सांगायला नको. हे तुम्ही रेझ्युमेत लिहिलंच नाही. आपल्याकडे घरात वाढताना स्वतःचं स्वतः सांगू नये असं इतकं बिंबवलं जातं की नोकरीच्या कागदावरही हात आखडतो. इथे हात आखडू नका.

दुसरी गोष्ट जॉबवर्क. 14 पार्ट्यांकडे बार किंवा कास्टिंग पाठवायचं, मशीन होऊन परत घ्यायचं, बर म्हणजे मशीनिंगमध्ये निघणारा कीस आणि रिजेक्शन यांचा हिशेब धरायचा, आणि जीएसटीच्या नियमाप्रमाणे एका वर्षाच्या आत माल परत आला की नाही हे बघायचं. टॅलीत तुम्ही हे मटेरियल आउट आणि मटेरियल इन व्हाउचरनं करता. सॅपमध्ये याला सबकॉन्ट्रॅक्टिंग म्हणतात. पाठवलेला माल `541` या मूव्हमेंट टाइपनं व्हेंडरकडे जातो, पण स्टॉक आपलाच राहतो. तयार पार्ट आत घेतला की पाठवलेल्या मालातून तेवढा खप सिस्टिम आपोआप लावते. जाहिरातीत जॉबवर्कचा पाठपुरावा मागितला आहे, म्हणजे हीसुद्धा थेट जुळणारी जागा आहे.

या दोन्हींतून रेझ्युमेच्या ओळी अशा करा. रेझ्युमे आणि पत्र दोन्ही इंग्रजीतूनच जातील, मी इथे आशय मराठीत देतो. पहिली ओळ: ‘टॅलीमध्ये इंडेंटपासून बिल मंजुरीपर्यंतची खरेदी, महिन्याला सुमारे 120 पीओ, मुख्यतः कास्टिंग, बार आणि टूलिंग.’ दुसरी: ‘ऑर्डर, आवक आणि बिल यांची पडताळणी, महिनाअखेरच्या प्रलंबित बिलांच्या यादीची अकाउंट्सबरोबर जुळणी, पाच वर्षं.’ तिसरी: ‘14 जॉबवर्क पार्ट्यांकडे गेलेल्या मालाचा, परतीचा आणि बराचा हिशेब.’ दुसऱ्या ओळीत एक आकडा मला हवा आहे आणि तो तुमच्याकडेच आहे. गेल्या मार्चअखेरीला किती बिलं प्रलंबित होती आणि त्यातली 30 दिवसांपेक्षा जुनी किती, हे रिपोर्टवरून काढा. आठवणीतून लिहू नका. मुलाखतीत त्याच आकड्यावर पहिला प्रश्न येतो, आणि हा आकडा कसा निघाला हे सांगता आलं नाही तर ओळ असून नसल्यासारखी होते.

सॅप हा शब्द मात्र रेझ्युमेच्या कौशल्यांच्या यादीत घालू नका. क्लासवाले सांगतात, ‘सॅप (बेसिक)’ लिहून टाका, म्हणजे शोधात नाव येतं. शोधात येतंही. पुढे मुलाखतीत माझ्यासारखा माणूस विचारतो की जीआरएन कुठल्या ट्रान्झॅक्शनवर करता. `MIGO` हे उत्तर बहुतेक पाठ करून येतात. मग मी विचारतो, 100 नगांऐवजी 1000 नग चुकून घेतले गेले, बिल अजून यायचं आहे, आता काय कराल? ज्यानं सॅपवर बसून काम केलंय तो क्षणाचाही विचार न करता म्हणतो, `102` नं रिव्हर्स करून पुन्हा `101`. ज्यानं केलेलं नाही तो म्हणतो, एंट्री उघडून दुरुस्त करू. तिथे मुलाखत संपते, आणि सॅप न येण्यामुळे नव्हे, तर येतं असं लिहिल्यामुळे संपते.

हाच प्रश्न तुमच्या पत्राला कामी येणार आहे, म्हणून त्यामागचं कारण जरा सविस्तर सांगतो. टॅलीत रिसीट नोट केली की स्टॉक वाढतो, पण लेजरला धक्का लागत नाही. हिशेबाची नोंद पडते ती पर्चेस व्हाउचरला. त्यामुळे आवकेत चूक झाली तर आपण व्हाउचर उघडतो आणि दुरुस्त करतो, बिल यायच्या आत सगळं सरळ होतं. सॅपमध्ये `MIGO` वर पोस्ट केलं की त्याच क्षणी अकाउंटिंगचं डॉक्युमेंट तयार होतं. स्टॉक खात्याला नावे आणि जीआर-आयआरला जमा. ते डॉक्युमेंट खोडता येत नाही, त्यातला आकडा बदलता येत नाही, फक्त उलट नोंद करता येते, आणि दोन्ही नोंदी कायम दिसत राहतात. शिवाय बिलाचा दर पीओपेक्षा कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेबाहेर असला तर `MIRO` मध्ये बिल नोंदलं जातं, पण पेमेंटसाठी अडकून राहतं. टॅलीत हे अडकवणं तुम्हीच करता, कागदावर पेन्सिलीनं खूण करून. टॅलीतून सॅपवर आलेल्या माणसाला पडदे आठवड्याभरात कळतात. त्याला त्रास होतो तो या सवयीचा, आधी टाकू मग सुधारू या सवयीचा. आमच्या प्लँटमध्ये सॅप आलं त्या वर्षी पहिल्या तिमाहीत स्टोअर्सच्या जुन्याजाणत्या माणसांनीच सगळ्यात जास्त रिव्हर्सल केली होती.

म्हणून पत्रात नुसतं साम्य दाखवू नका, फरकही सांगा. सारखेपणा सगळेच सांगतात. आपल्याला काय येत नाही याची नेमकी कड ज्याला माहीत आहे, तो माणूस ते शिकायला सुरुवात करून बसला आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. पर्चेस हेडला अशा माणसाची भीती वाटत नाही.

आता परिच्छेद. तो पत्रात दुसरा यावा. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, किती वर्षं काय खरेदी करता आणि कुठली जागा, एवढंच तीन वाक्यांत. सॅपचा मुद्दा पहिल्याच वाक्यात आणला तर पत्र माफीनाम्यासारखं सुरू होतं, आणि शेवटी ठेवला तर काय होतं ते वर सांगितलंच. दुसरा परिच्छेद असा:

‘जाहिरातीत सॅप एमएमचा अनुभव आवश्यक आहे. मी सॅपवर काम केलेलं नाही, माझी पाच वर्षं टॅलीवर गेली आहेत. ऑर्डर, आवक आणि बिल यांची पडताळणी मी दरमहा सुमारे 120 पीओंसाठी करते आणि महिनाअखेरच्या प्रलंबित बिलांची अकाउंट्सबरोबरची जुळणी माझ्याकडे आहे. रेझ्युमेत सध्याच्या नोकरीखालची दुसरी ओळ पाहावी. आपल्याकडे हेच काम जीआर-आयआर खात्यावर होत असेल. त्याखालच्या ओळीतला 14 जॉबवर्क पार्ट्यांचा हिशेब सॅपमधल्या सबकॉन्ट्रॅक्टिंगशी मिळता आहे. मला बदलावी लागेल ती सवय आवक नोंदवण्याची: टॅलीत रिसीट नोट नंतर दुरुस्त करता येते, सॅपमध्ये आवक पोस्ट होताच हिशेबाची नोंद पडते आणि चूक फक्त रिव्हर्स करता येते.’

एवढंच. यात ‘तरी’, ‘जरी’, ‘खेद’, ‘मात्र मला खात्री आहे’ यातलं काही नाही हे पाहा. ‘काम केलेलं नाही’ हे वाक्य सरळ पूर्णविरामानं संपतं. तुमच्या मसुद्यात तेच वाक्य ‘नसला तरी’ असं पुढच्या वाक्याला बांधलेलं होतं, आणि त्या ‘तरी’मुळे वाचणारा पुढच्या भागाकडे सबब म्हणून बघतो. कोणती ओळ पाहावी हेही स्पष्ट लिहिलं आहे, कारण गठ्ठा वाचणारा माणूस शोधत बसत नाही. आणि ‘होत असेल’ असं लिहिलंय, ‘होतं’ असं नाही. त्यांच्या घरातली पद्धत तुम्हाला माहीत नाही, माहीत असल्यासारखं लिहू नये. ट्रान्झॅक्शनचे कोड मी मुद्दाम पत्रात घातलेले नाहीत. न वापरलेल्या गोष्टीचे कोड लिहिले की पाठांतराचा वास येतो, आणि वर सांगितलेला `102` चा प्रश्न तुमच्यावर ओढवून घेतल्यासारखं होतं. शब्दांनी सांगितलेला फरक पुरेसा आहे.

तुम्ही विचारलंय की क्लास लावून सर्टिफिकेट जोडावं का. महिन्याभराचा क्लास लावणार असाल तर लावा, पण तो पर्चेसच्या चक्रावर प्रत्यक्ष एंट्री करायला देतो का हे आधी विचारा. आणि ते कुठल्या सॅपवर शिकवतात हेही विचारा. जुनं ईसीसी आणि नवं एस-फोर हाना यांत बायरला रोज लागणाऱ्या काही गोष्टी बदलल्या आहेत. व्हेंडर मास्टर आता `BP` मधून होतो, आणि जुने `MB1A` सारखे आवक-जावकीचे कोड जाऊन सगळं `MIGO` वर आलं आहे. जुन्या नोट्सवर शिकलेला माणूस मुलाखतीत जुने कोड सांगतो आणि ते लगेच कळतं. क्लास केलात तर परिच्छेदाच्या शेवटी एक वाक्य घाला: ‘एस-फोर हानाच्या सराव सिस्टिमवर पीओपासून बिलापर्यंतचं चक्र मी क्लासमध्ये केलं आहे.’ क्लासमध्ये, हा शब्द गाळू नका. क्लास केला नसेल तर त्याबद्दल काहीच लिहू नका. ‘लवकरच करणार आहे’ या वाक्याला किंमत नाही.

पत्राला एक मर्यादा आहे ती आधीच सांगून ठेवतो. मोठ्या कंपन्यांचे अर्ज बहुधा पोर्टलवर भरावे लागतात आणि तिथे एक प्रश्न असतो, सॅपचा अनुभव किती वर्षं. तिथे शून्यच भरा. काही ठिकाणी शून्य भरलं की अर्ज तिथेच बाजूला पडतो आणि पत्र कुणी उघडतही नाही. त्यावर उपाय म्हणून एक वर्ष लिहिलंत तर पत्र आणि पोर्टल एकमेकांविरुद्ध बोलू लागतील, आणि तसा अर्ज उघडला गेला तर शून्यापेक्षा वाईट. त्याऐवजी अर्ज भरून झाला की तेच पत्र आणि रेझ्युमे पर्चेस हेडपर्यंत माणसामार्फत पोचवा. सावलीच्या बाजूला कास्टिंग देणारा एखादा व्हेंडर तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्या यादीत असण्याची शक्यता बरीच आहे. त्याला शिफारस करायला सांगू नका, फक्त योग्य माणसाचा मेल विचारा. तुम्ही नोकरी बदलताय ही बातमी मकरपुऱ्यात पोचायला वेळ लागत नाही, म्हणून व्हेंडर निवडताना तो तोंडाचा कसा आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

बोलावणं आलं तर पहिल्या पाच मिनिटांत सॅपचा विषय निघणारच. तिथे पत्रातलंच पुढे न्या. त्यांनी विचारलं, ‘जीआरएन कसं करता?’ तर तुमचं खरं काम सांगा: गेटवरून चलन येतं, पीओ उघडून नग आणि दर बघते, वजन किंवा मोजणी होते, इन्स्पेक्शनचा शिक्का बसेपर्यंत रिसीट नोट करत नाही. हा शेवटचा भाग तुम्ही मेलमध्ये लिहिला आहे आणि तो सोन्यासारखा आहे. जी बायर टॅलीतसुद्धा इन्स्पेक्शनच्या आधी नोंद टाकत नाही, तिला सॅपची न खोडता येणारी नोंद जड जाणार नाही, आणि समोरचा माणूस हे तुम्ही न सांगता ओळखेल. मग तुम्ही उलट विचारा की त्यांच्याकडे ईसीसी आहे की एस-फोर हाना, आणि आवक स्टोअर्सवाले पोस्ट करतात की बायर. बऱ्याच मोठ्या प्लँटांत बायरला `MIGO` चा अधिकारच नसतो, तो स्टोअर्सकडे असतो. तसं असेल तर तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी उणीव त्या जागेला लागतच नाही, आणि हे तुमच्या प्रश्नामुळे त्यांच्याच तोंडून बाहेर येईल.

मार्चअखेरच्या प्रलंबित बिलांचा आकडा काढलात की तिन्ही ओळी मला पाठवा. जॉबवर्कच्या ओळीबद्दल मी अजून समाधानी नाही. महिन्याला किती चलनं जातात आणि बराचा फरक कितपत येतो हे कळलं तर ती दुसऱ्या ओळीइतकीच भक्कम करता येईल, आणि मग परिच्छेदातलं तिचं वाक्यही थोडं वाढवू.